सहा लाख जमा, तरीही तूट

तालुक्याच्या गावातले एक सार्वजनिक वाचनालय. पाचशे सभासद, माणशी वर्षाला ३०० रुपये वर्गणी, स्वतःची जुनी इमारत, तिच्यात रस्त्याच्या बाजूला भाड्याने दिलेला एक गाळा, एक ग्रंथपाल आणि एक शिपाई. २०२४-२५ या वर्षात संस्थेकडे ६ लाख ३२ हजार रुपये जमा झाले. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत कोषाध्यक्षांनी हा आकडा वाचून दाखवला तेव्हा मंडळी खूश झाली. पुढे लेखापरीक्षकाकडून पत्रक आले आणि त्याच्या तळाशी ‘तूट ६,२५० रुपये’ असे लिहिलेले निघाले.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. कोषाध्यक्षांनी वाचले ते जमाखर्च पत्रक. वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत त्याला प्राप्ती व शोधन खाते म्हणतात. रोकड वहीचा आणि बँक खात्याचा तो सारांश असतो. लेखापरीक्षकाने पाठवले ते उत्पन्न-खर्च पत्रक. पहिल्यावरून दुसरे तयार करताना पैसे ना कुठे जातात ना येतात, तरी वर्षाचे चित्र पालटते. ते कसे, हे या वाचनालयाच्या हिशेबावरून पाहता येईल. वाचनालय आणि त्याचे आकडे उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत. पण १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा अशा दोन्हींखाली नोंदलेली, १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार सरकारी अनुदान घेणारी अशी वाचनालये महाराष्ट्रात गावोगावी आहेत.

विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्याच्या कलम ३२ नुसार विश्वस्तांनी नियमित हिशेब ठेवायचे असतात. कलम ३३ नुसार ते दरवर्षी बंद करून तपासून घ्यायचे असतात. आणि कलम ३४ नुसार लेखापरीक्षकाने ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक तयार करून आपल्या अहवालासह धर्मादाय उपआयुक्त किंवा सहायक आयुक्तांकडे पाठवायचे असते. या दोन पत्रकांचे छापील नमुने १९५१च्या नियमांत आहेत: ताळेबंदाचा अनुसूची आठमध्ये, उत्पन्न-खर्चाचा अनुसूची नऊमध्ये. म्हणजे नुसते जमाखर्च पत्रक देऊन काम भागत नाही.

वाचनालयाचे वर्षाचे जमाखर्च पत्रक असे होते.

| जमा | रुपये | खर्च | रुपये |
|---|---|---|---|
| आरंभीची शिल्लक | ६०,००० | पगार | २,१४,००० |
| वर्गणी | १,४४,००० | वीज व दूरध्वनी | ३४,००० |
| सर्वसाधारण देणग्या | ८५,००० | वर्तमानपत्रे व मासिके | २६,००० |
| कायम निधीसाठी देणगी | २,००,००० | इमारतीचा विमा | १२,००० |
| सरकारी अनुदान | १,२०,००० | दुरुस्ती | २८,००० |
| मुदत ठेवींवरचे व्याज | २१,००० | व्याख्यानमाला | ४५,००० |
| गाळ्याचे भाडे | ४८,००० | मागील वर्षाची ऑडिट फी | ८,००० |
| जुन्या कपाटांची विक्री | ४,००० | पुस्तक खरेदी | ७०,००० |
| वाचकांची अनामत | १०,००० | संगणक | ६०,००० |
| | | वाचकांना अनामत परत | ४,००० |
| | | नवी मुदत ठेव | १,५०,००० |
| | | अखेरची शिल्लक | ४१,००० |
| एकूण | ६,९२,००० | एकूण | ६,९२,००० |

यातल्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीचे काम सगळ्यांत सोपे. आरंभीची शिल्लक ही गेल्या वर्षाची उरलेली रोकड. ती या वर्षी कोणी मिळवलेली नाही. अखेरची शिल्लक हा खर्च नाही. दोन्ही काढून टाकायच्या. अखेरची शिल्लक ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला जाते. उरलेल्या प्रत्येक रकमेला मग तीन प्रश्न विचारायचे. हा पैसा खर्च करायला संस्था मोकळी आहे का? त्यातून घेतलेली वस्तू वर्ष संपल्यावरही उभी आहे का? आणि रक्कम याच वर्षाची आहे का?

पैसा कोणाचा?

वाचक पुस्तक घरी नेण्यासाठी अनामत ठेवतो. सभासदत्व सोडले की ती त्याला परत द्यायची असते. १०,००० रुपये आले, ४,००० परत गेले; उरलेले ६,००० संस्थेवरचे वाढीव देणे आहे. यातली एकही रक्कम उत्पन्न-खर्च पत्रकात येणार नाही. छोट्या संस्थांत अनामत आणि वर्गणी एकाच पावतीवर घेण्याची पद्धत असते, आणि वर्षअखेरीस पावतीची पूर्ण रक्कम वर्गणीत धरली जाते. अशी पाच-सात वर्षे गेली की अनामतीच्या देण्याचा वहीत पत्ताच नसतो, आणि परत मागायला आलेल्या सभासदाचे पैसे चालू वर्षाच्या खर्चात पडतात.

दोन लाखांची देणगी एका सभासदाच्या कुटुंबाने दिली. सोबतच्या पत्रात लिहिले होते की रक्कम कायम ठेवावी आणि तिच्या व्याजातून पुस्तके घ्यावीत. अशी देणगी कायम निधीत जमा होते. ताळेबंदाच्या नमुन्यात विश्वस्त निधी हा देण्यांच्या बाजूचा पहिलाच मथळा आहे. इथे देणगीदाराच्या पत्राला फार महत्त्व आहे. पत्र नसेल आणि नंतर मंडळानेच ठराव करून सर्वसाधारण देणगी कायम निधीत टाकली, तर ती मुळात उत्पन्नच राहते. मंडळ फार तर उत्पन्नातून निधीकडे रक्कम वर्ग करू शकते. पावतीवर ‘कायम निधीसाठी’ असे लिहून घेणे आणि देणगीदाराचे पत्र त्याच फाइलला लावणे, एवढी काळजी घेतली की पुढचा वाद टळतो.

म्हणजे जमेच्या ६ लाख ३२ हजारांतून दोन लाख आणि दहा हजार इथेच गळले.

वस्तू संपली की उभी आहे?

वीज वापरली, संपली. वर्तमानपत्रे वाचून झाली. व्याख्यानमाला पार पडली. हे महसुली खर्च पत्रकात तसेच्या तसे येतात. संगणक मात्र ३१ मार्चला टेबलावर आहे, नवी पुस्तके कपाटात आहेत. हे भांडवली खर्च. साठ हजार आणि सत्तर हजार या रकमा ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवायच्या आणि वर्षभरात त्यांची जी झीज झाली तेवढीच घसारा म्हणून खर्चात घ्यायची. मुदत ठेवीत टाकलेले दीड लाख तर खर्च म्हणायलाच नको, कारण संस्थेचा पैसा बचत खात्यातून ठेवीत गेला इतकेच. जमाखर्च पत्रकात तो खर्चाच्या रकान्यात दिसतो म्हणून नवखा वाचक दचकतो.

दुरुस्तीच्या ओळीवर थोडे थांबावे लागते. गळके छप्पर डागडुजी करून पूर्ववत केले तर तो महसुली खर्च. त्याच बिलात अभ्यासिकेसाठी नवी खोली बांधली असेल तर तेवढा भाग भांडवली. व्हाउचरवर नुसते ‘इमारत काम’ असे लिहिलेले असले तर लेखापरीक्षक बिल मागवतो आणि गवंड्याच्या मोजमापापर्यंत जातो. आपल्या वाचनालयात २८,००० रुपये कौले बदलणे आणि रंगकाम यांवर गेले, म्हणून पूर्ण रक्कम खर्चात.

जुनी कपाटे विकून आलेले ४,००० हे उत्पन्न समजण्याची चूक सर्रास होते. वहीत त्या कपाटांची किंमत घसारा वजा जाता ६,५०० रुपये उरलेली होती. ती विकून चार हजार आले, म्हणजे अडीच हजारांचा तोटा झाला. पत्रकात चार हजारांचे उत्पन्न न येता २,५०० रुपयांचा तोटा खर्चाच्या बाजूला येतो, आणि कपाटे मालमत्तेतून कमी होतात.

रक्कम कोणत्या वर्षाची?

सगळ्यांत जास्त वेळ खाणारा प्रश्न हा. वर्गणीचेच पाहू. जमा झाले १,४४,००० रुपये. पावत्या उलगडून पाहिल्या तर त्यातले ९,००० गेल्या वर्षीची थकबाकी होती. तीस सभासदांनी उशिरा भरलेली. १५,००० पुढच्या वर्षाची वर्गणी होती. पन्नास जणांनी मार्चमध्येच आगाऊ भरून टाकलेली. या वर्षाची म्हणून आलेली रक्कम १,२०,०००, म्हणजे चारशे सभासदांची. याखेरीज गेल्या मार्चमध्ये चाळीस जणांनी या वर्षासाठी १२,००० रुपये आगाऊ भरले होते. ते पैसे गेल्या वर्षीच्या जमेत आहेत, पण उत्पन्न या वर्षाचे. आणि साठ सभासदांकडून १८,००० रुपये यायचे आहेत.

मिळालेल्या रकमेतून नऊ हजार आणि पंधरा हजार वजा केले, बारा हजार आणि अठरा हजार मिळवले, की वर्गणीचे उत्पन्न होते १,५०,०००. हा आकडा बरोबर आहे हे कसे ओळखायचे? सभासद नोंदवही उघडायची. पाचशे सभासद गुणिले तीनशे रुपये, बरोबर दीड लाख. अशी दुसऱ्या बाजूने पडताळणी जिथे जिथे करता येईल तिथे केलीच पाहिजे. गाळ्याचे भाडे महिना ४,००० प्रमाणे बारा महिन्यांचे ४८,००० होते आणि तेवढेच आले आहे. तिथे काही करायचे नाही.

थकलेल्या वर्गणीबाबत हात जरा आखडता घ्यावा लागतो. भाडेकरूकडचे भाडे करारावरून मागता येते. वर्गणी न भरणारा सभासद बहुधा यायचाच बंद होतो. साठपैकी किती जण खरोखर भरतील याचा अंदाज ग्रंथपालाला असतो. येण्याची शक्यता नसलेली रक्कम उत्पन्नात धरून फुगवलेले पत्रक दोन-तीन वर्षांनी उघडे पडते, कारण तेव्हा ती बुडीत म्हणून खर्ची टाकावी लागते. अनुसूची नऊच्या नमुन्यात अशा सोडून दिलेल्या रकमांसाठी स्वतंत्र मथळा आहे, त्यात वसूल न होणाऱ्या भाड्याचा उल्लेखही आहे. आपल्या उदाहरणात साठही जण नियमित येणारे आहेत, म्हणून पूर्ण १८,००० धरले.

अनुदानाचेही तसेच. जमा झालेल्या १,२०,००० मध्ये ५५,००० रुपये गेल्या वर्षाचा राहिलेला हप्ता होता. तो गेल्या ताळेबंदात ‘येणे’ म्हणून दाखवलेला असल्यामुळे त्याचे उत्पन्न गेल्या वर्षीच धरून झाले आहे. या वर्षाचा पहिला हप्ता ६५,००० रुपये आला. दुसऱ्या ६५,००० च्या मंजुरीचा आदेश मार्चमध्ये निघाला, पैसे एप्रिलमध्ये खात्यात पडले. आदेश हातात आहे आणि अटी पूर्ण झाल्या आहेत, म्हणून हा हप्ता या वर्षात घेतला. अनुदानाचे उत्पन्न झाले १,३०,०००. नुसत्या आशेवर, आदेश नसताना, अनुदान उत्पन्नात धरता येत नाही.

खर्चाच्या बाजूला पगार पाहावा. दोघांचा मिळून पगार गेल्या वर्षी महिना १६,००० होता, एप्रिल २०२४ पासून १८,००० झाला. मार्चचा पगार एप्रिलमध्ये देण्याची पद्धत आहे. त्यामुळे वर्षात दिलेल्या २,१४,००० मध्ये गेल्या मार्चचे १६,००० आणि या वर्षाच्या अकरा महिन्यांचे १,९८,००० आहेत. मागचे सोळा वजा केले, राहिलेल्या मार्चचे अठरा मिळवले, की बारा महिन्यांचा खर्च २,१६,००० येतो. बारा गुणिले अठरा हजार करूनही तोच. विमा संस्थेने पहिल्यांदाच उतरवला, १ जानेवारीपासून वर्षभरासाठी, १२,००० रुपयांचा. त्यातले तीन महिने या वर्षात गेले, म्हणून खर्च ३,००० आणि आगाऊ दिलेले ९,००० ताळेबंदात.

वहीत नसलेल्या रकमा

इथपर्यंतचे काम जमाखर्च पत्रकाच्या ओळींवर झाले. काही गोष्टींसाठी वर्षात पैसाच हलला नाही, म्हणून त्या पत्रकात सापडतच नाहीत. त्या शोधून आणाव्या लागतात. नव्या दीड लाखांच्या ठेवीचे उदाहरण घ्या. ती १ ऑक्टोबरला ७ टक्के दराने ठेवली, व्याज मुदत संपल्यावर मिळणार. सहा महिन्यांचे ५,२५० रुपये व्याज साठलेले आहे. जुन्या ठेवींचे मिळालेले २१,००० धरून व्याजाचे उत्पन्न २६,२५०. बँकेने व्याजातून कर कापला असेल तर खात्यात पडलेली रक्कम कमी दिसते; उत्पन्न कापण्यापूर्वीचे पूर्ण धरायचे आणि कापलेला कर ‘येणे’ म्हणून दाखवायचा. या वाचनालयाचा कर कापला गेलेला नाही.

पत्रकात दिसणारी ८,००० रुपयांची ऑडिट फी गेल्या वर्षाच्या कामाची आहे आणि गेल्या वर्षीच खर्चात धरली होती. या वर्षाच्या तपासणीचे १०,००० द्यायचे आहेत, खर्च तो.

राहिला घसारा. इमारत, फर्निचर आणि जुनी पुस्तके यांचा संस्थेने ठरवलेल्या दरांनी ६२,०००. जूनमध्ये घेतलेल्या नव्या पुस्तकांवर १० टक्क्यांनी ७,०००. संगणकावर ४० टक्के दर, पण तो नोव्हेंबरअखेरीस घेतल्यामुळे अर्ध्या वर्षाचा, म्हणजे १२,०००. एकूण ८१,०००. दर कोणतेही ठरवले तरी ते दरवर्षी तेच ठेवावे लागतात. तूट दिसू नये म्हणून एखाद्या वर्षी घसारा न लावण्याचा मोह होतो, आणि मागील वर्षाचे पत्रक शेजारी ठेवले की तो लगेच लक्षात येतो.

आता सगळे एकत्र मांडले की उत्पन्न-खर्च पत्रक तयार होते.

| खर्च | रुपये | उत्पन्न | रुपये |
|---|---|---|---|
| पगार | २,१६,००० | वर्गणी | १,५०,००० |
| वीज व दूरध्वनी | ३४,००० | सर्वसाधारण देणग्या | ८५,००० |
| वर्तमानपत्रे व मासिके | २६,००० | सरकारी अनुदान | १,३०,००० |
| विमा | ३,००० | व्याज | २६,२५० |
| दुरुस्ती | २८,००० | गाळ्याचे भाडे | ४८,००० |
| व्याख्यानमाला | ४५,००० | तूट | ६,२५० |
| ऑडिट फी | १०,००० | | |
| कपाटविक्रीचा तोटा | २,५०० | | |
| घसारा | ८१,००० | | |
| एकूण | ४,४५,५०० | एकूण | ४,४५,५०० |

धर्मादाय कार्यालयाच्या नमुन्यात हेच आकडे थोड्या वेगळ्या गटांत बसतात. इमारतीची दुरुस्ती, विमा आणि तिचा घसारा ‘मालमत्तेवरील खर्च’ या मथळ्याखाली जातात. व्याख्यानमाला आणि नियतकालिके ‘विश्वस्तव्यवस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च’ यात, शैक्षणिक या उपशीर्षाखाली. उद्दिष्टांवर किती गेले आणि कार्यालयावर किती, हे त्यामुळे वेगळे दिसते.

हिशेब जुळला का?

जमाखर्चाने रोकड ६०,००० वरून ४१,००० वर आल्याचे सांगितले, म्हणजे १९,००० रुपयांची घट. उत्पन्न-खर्चाने तूट ६,२५० दाखवली. दोन्ही पत्रके खरी असतील तर एकावरून दुसऱ्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे.

तुटीपासून सुरुवात करू. घसारा आणि कपाटांचा तोटा मिळून ८३,५०० रुपये खर्चात लागले, पण रोख गेली नाही. ते परत मिळवले की तुटीऐवजी ७७,२५० शिल्लक दिसते. त्यातून वाढलेले येणे वजा करायचे: थकीत वर्गणी नऊ हजारांनी वाढली, अनुदानाचे येणे दहा हजारांनी, साठलेले व्याज ५,२५० आणि आगाऊ विमा ९,०००, एकूण ३३,२५०. वाढलेले देणे मिळवायचे: आगाऊ वर्गणी तीन हजार, पगार दोन हजार, ऑडिट फी दोन हजार, एकूण ७,०००. उरतात ५१,०००. रोजच्या कामकाजातून खरोखर हाती आलेली रोकड ती. आता भांडवली व्यवहार. आत आले कायम निधीचे दोन लाख, कपाटांचे चार हजार आणि अनामतीचे निव्वळ सहा हजार. बाहेर गेले पुस्तकांचे सत्तर हजार, संगणकाचे साठ हजार आणि ठेवीचे दीड लाख. फरक वजा ७०,०००. एक्कावन्न हजारांतून सत्तर हजार गेले, उणे १९,०००. जुळले.

जुळले नसते तर चूक कुठे शोधायची? अनुभवी लेखनिक आधी फरकाची रक्कम निम्मी करून पाहतो, कारण वजा करायची रक्कम मिळवली गेली असेल तर फरक तिच्या दुप्पट पडतो. पगाराचे १६,००० वजा करण्याऐवजी मिळवले तर हिशेब ३२,००० ने चुकेल. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुळवणीचा एकच पाय उचलणे. मार्चचा पगार खर्चात मिळवला, पण ताळेबंदात देणे म्हणून लिहिला नाही, तर ताळेबंदाच्या दोन बाजूंत नेमका १८,००० चा फरक पडतो. आणि गेल्या वर्षाचा ताळेबंद समोर नसेल तर हे कामच करता येत नाही, कारण मागची थकबाकी, आगाऊ वर्गणी, राहिलेला पगार हे सगळे तिथूनच येते. ज्या संस्थेने आजवर ताळेबंद केलेलाच नाही, तिला आधी १ एप्रिलच्या तारखेची मालमत्ता आणि देणी यांची यादी करून सुरुवात करावी लागते. दोन्हींतला फरक हा तिचा आरंभीचा निधी.

या जुळवणीतून आणखी एक गोष्ट वर आली. कायम निधीचे दोन लाख आले, पण ठेवीत दीडच लाख ठेवले गेले. उरलेले पन्नास हजार बचत खात्यात आहेत असे मंडळ समजत होते. वर्षअखेरीस बँक आणि पेटी मिळून एकूण शिल्लकच ४१,००० आहे. म्हणजे कायम ठेवायच्या रकमेतले निदान नऊ हजार पुस्तकांत, संगणकात किंवा पगारात वापरले गेले. जमाखर्च पत्रकात हे दिसत नाही, कारण तिथे सगळे पैसे एकाच पात्रात पडलेले असतात. ताळेबंदात कायम निधीची रक्कम आणि तिच्यासमोरची गुंतवणूक शेजारी आली की विचारावेच लागते. अशा वेळी मंडळाने लगेच ठराव करून पन्नास हजारांची ठेव पूर्ण करायची असते. एप्रिलमध्ये आलेल्या अनुदानाच्या हप्त्यातून हे जमू शकेल, मात्र मार्चचा पगार आणि ऑडिट फी यांची सोय दुसरीकडून करावी लागेल.

तुटीचा अर्थही आता नीट लागतो. घसारा धरला नाही तर वर्षाचे आधिक्य ७४,७५० रुपये आहे. संस्थेचा रोजचा गाडा देणग्या आणि अनुदान यांवर चालतो आहे. पण जुनी कपाटे, छप्पर आणि संगणक बदलायची वेळ आली की लागणारा पैसा या उत्पन्नातून पूर्ण सुटत नाही. वर्गणी तीनशेवरून सव्वातीनशे केली आणि सभासद टिकले तर १२,५०० रुपये वाढतील, आणि या वर्षाएवढी तूट भरून निघेल. केवळ जमेचा ६ लाख ३२ हजारांचा आकडा पाहून वर्गणीवाढीचा विषय बैठकीत आलाच नसता.

कायदा दोन्ही बाजूंनी बोलतो

धर्मादाय कार्यालयाला रोख पद्धत अजिबात चालत नाही, असा समज मात्र चुकीचा आहे. अनुसूची नऊच्या नमुन्यात भाडे आणि व्याज या ओळींपुढे ‘उपार्जित’ आणि ‘वसूल झालेले’ अशा दोन्ही शक्यता छापलेल्या आहेत. ताळेबंदाच्या नमुन्याच्या तळाशी, हिशेब रोख पद्धतीने ठेवले असतील तर येणे असलेले भाडे, व्याज आणि इतर उत्पन्न नोंदवण्यासाठी वेगळी जागा आहे. रोख पद्धत निवडणाऱ्या संस्थेला तिसऱ्या प्रश्नातून, म्हणजे रक्कम कोणत्या वर्षाची या तपासातून, बरीचशी सूट मिळते. पहिल्या दोन प्रश्नांतून नाही. अनामत, कायम निधी, संगणक आणि मुदत ठेव कोणत्याही पद्धतीत उत्पन्न-खर्चात येत नाहीत.

प्राप्तिकराचे गणित पुन्हा वेगळ्या अंगाने जाते. २०२४-२५ मध्ये लागू असलेल्या १९६१च्या प्राप्तिकर कायद्याखाली करमाफी मिळवणाऱ्या धर्मादाय संस्थेला उत्पन्नाचे ८५ टक्के आपल्या उद्दिष्टांवर खर्च झाल्याचे दाखवावे लागत होते. २०२२च्या वित्त कायद्याने स्पष्ट केले की, ज्या वर्षी रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी ती खर्च म्हणून धरली जाईल. त्यामुळे आपल्या वाचनालयाचा मार्चचा १८,००० रुपये पगार आणि १०,००० रुपयांची ऑडिट फी उत्पन्न-खर्च पत्रकात २०२४-२५ मध्ये आहेत, पण करासाठी त्या दिल्या गेल्या त्या पुढच्या वर्षात मोजल्या जातील. उलट पुस्तके आणि संगणक यांचे १,३०,००० उत्पन्न-खर्चात नाहीत, तरी करासाठी उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून पूर्ण धरता येतात. ते एकदा धरले की त्याच वस्तूंचा घसारा पुन्हा मागता येत नाही. त्या कायद्याच्या कलम ११(६)ने ती वाट बंद केली होती. आणि कायम निधीची देणगी उत्पन्नातून वगळायची तर ती त्या निधीसाठीच, कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीत ठेवलेली असावी लागते. पन्नास हजारांची राहिलेली ठेव इथे पुन्हा विचारली जाते.

म्हणून लेखापरीक्षकाच्या फाइलमध्ये उत्पन्न-खर्च पत्रक आणि ताळेबंद यांच्यामागे जमाखर्च पत्रकही लावलेले असते. धर्मादाय कार्यालयाला पहिली दोन लागतात. करासाठी मार्चचा पगार कोणत्या तारखेला दिला आणि संगणकाचे बिल कधी चुकते झाले, याचे उत्तर मात्र रोकड वहीतूनच द्यावे लागते.